झग्याच्या मापाची बाई

रॅम्पवर चालणाऱ्या मुली इतक्या काटकुळ्या का असतात, असं एखाद्या फॅशनवाल्याला विचारून पाहा. तो डोळे अर्धे मिटतो आणि थेट सौंदर्यशास्त्रात शिरतो. रेषेची शुद्धता, कापडाचा प्रवाह, देहाच्या अनुपस्थितीतून उमलणारा आकार! पाच मिनिटं त्याला बोलू द्यावं आणि मग एकच विचारावं: बाबा रे, हा झगा किती मापांत शिवला आहेस? उत्तर येतं, एका. तिथं सौंदर्यशास्त्र संपतं आणि हिशेबाची वही उघडते.

मी पॅटर्न कापते. अंगाची मापं कागदावर उतरवायची, त्या कागदावरून कापडाचे तुकडे कसे पडतील ते ठरवायचं, हा माझा धंदा. त्यामुळे कापडाच्या आत्म्याविषयीची प्रवचनं मला ऐकवू नयेत. कापडाला आत्मा नसतो. त्याला उभा धागा असतो, आडवा धागा असतो आणि तिरका ताण असतो. बाकी सगळी बोलणाऱ्याची हौस.

पॅरिसचंच उदाहरण घ्या, कारण या धंद्याचे नियम तिथं ठरतात आणि मुंबई-दिल्लीचे फॅशन वीक ते इमानेइतबारे गिरवतात. मार्चच्या सुरुवातीला तिथं येत्या थंडीचे कपडे दाखवतात. म्हणजे दुकानात यायला अजून निम्मं वर्ष आहे. त्या दिवशी जगात त्या प्रत्येक कपड्याचा एकच नग असतो. त्याला सॅम्पल म्हणतात. हे सॅम्पल शिवायला कारखान्यातल्या बायका काही आठवडे आधीपासून बसलेल्या असतात. ते कोण घालणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. मग मापं कुणाची घ्यायची? कुणाचीच नाही. फ्रेंच ३४ किंवा ३६ असा आकडा ठरलेला असतो आणि त्या आकड्यावर सगळं शिवलं जातं. मुली शोच्या आधी काही दिवस बोलावतात. कुणाला कुठला कपडा, हे शेवटच्या एक-दोन दिवसांच्या फिटिंगमध्ये ठरतं आणि आदल्या रात्री बदलतंही. एकीला ताप आला तर दुसरीनं तोच झगा चढवून निघायचं. म्हणून सगळ्या मुली एकमेकींच्या जागी बसतील अशाच लागतात: उंची पावणेसहा फुटांच्या पुढे, सीट ३५ इंचांच्या आत. ज्याला ते कास्टिंग म्हणतात, ती इंचपट्टी घेऊन केलेली जुळणी आहे. टेलर आपल्या अंगाला कपडा बेततो. इथं कपडा आधी शिवून तयार असतो आणि त्याला अंग बेततात.

बरं, शो झाल्यावर तरी तो झगा कपाटात जातो का? छे! त्याची खरी वणवण तिथून सुरू होते. आधी शोरूममध्ये, दुकानांचे खरेदीदार बघणार म्हणून. मग फोटोपुस्तिकेसाठी कॅमेऱ्यासमोर. मग खोक्यात घालून मासिकांच्या कचेऱ्यांत, या शहरातून त्या शहरात. सप्टेंबरच्या अंकाचे फोटो उन्हाळ्यातच काढावे लागतात आणि तेव्हा दुकानातला माल शिवलेलाच नसतो. संपादिकेच्या हातात येतो तो हाच एकुलता एक ३४ नंबरचा झगा. तिला धट्ट्याकट्ट्या मुलीचा फोटो घ्यायचा असला तरी त्या मुलीच्या पाठीवर चेन लागणार कशी?

हे मी मनानं सांगत नाही. अलेक्झांड्रा शुलमन या ब्रिटिश 'व्होग'च्या संपादिका होत्या. फॅशनच्या दरबारात याहून वरची गादी फारशी नाही. २००९ मध्ये त्यांनी मोठमोठ्या डिझायनरांना पत्र लिहून तक्रार केली की तुम्ही धाडता ती सॅम्पलं इतकी चिमुकली असतात की आम्हाला हाडं वर आलेल्या मुली घ्याव्याच लागतात. आणि पुढचं ऐका: त्या मुली फोटोत जरा भरलेल्या दिसाव्यात म्हणून 'व्होग' फोटोंवर हात फिरवत होतं! म्हणजे डिझायनर झगा आवळणार, त्या झग्यासाठी मुलगी उपाशी राहणार, आणि मग तिच्या अंगावर मांस चढवायला संगणकावर माणूस बसवणार. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? दुसरं सॅम्पल शिवायला नको म्हणून.

आता कापडाच्या 'पडण्या'कडे वळू, कारण तो यांचा हुकमी पत्ता आहे. सडपातळ अंगावर कापड छान पडतं, असं ते म्हणतात. पडतं, मान्य. का पडतं, ते मात्र कुणी सांगत नाही. कापड सपाट असतं आणि बाईचं अंग गोलाईचं. सपाट कापड गोलाईवर बसवायचं तर टक्स घालावे लागतात, मुंढा नीट कोरावा लागतो, छातीच्या उभारावरून खाली येणारी लांबी पुढच्या भागात वाढवून द्यावी लागते. यातच आमची विद्या आहे, यातच हात कापतात आणि यातच पॅटर्न पुन्हा पुन्हा फाडून टाकावे लागतात. ज्या अंगाला छाती नाही, कंबर आणि सीट यांत फारसा फरक नाही, त्यावर हे काहीच करावं लागत नाही. कापड खांद्यावरून सोडलं की सरळ पायापर्यंत. कच्च्या कटिंगलाही तिथं पास मिळतो. डिझायनर जेव्हा 'या अंगावर माझं काम खुलतं' असं म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ असा की या अंगावर त्याच्या कामातल्या चुका झाकल्या जातात.

आणि त्यांना येत नाही असंही नाही! याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. पॅरिसच्या ज्या घराण्यांत एकेका गिऱ्हाइकासाठी हातानं कपडे शिवतात, तिथं श्रीमंत बायकांच्या नावानं पुतळे ठेवलेले असतात. बाईचं वय वाढलं, पोट सुटलं, पाठ वाकली की पुतळ्यावर कापूस आणि कापडाचे थर चढवून तो तिच्या अंगासारखा करतात आणि त्यावर कपडा बेततात. दोन-तीन फिटिंग घेतात. साठीच्या थोराड बाईच्या अंगावर तिथं रेशीम असं बसतं की शिवण शोधून सापडू नये. म्हणजे एकाच इमारतीत, पैसे मोजणाऱ्या बाईसाठी प्रत्येक अंग सुंदर, आणि रॅम्पवरच्या मुलीसाठी ३५ इंचांपुढचं प्रत्येक अंग कलेचा घात. या दोन गोष्टी एकाच तोंडानं बोलताना जीभ अडखळत कशी नाही?

आता त्या ३५ इंचांची खरी ओळख करून घ्या. पाच फूट दहा इंच उंची आणि सीट जेमतेम ३४-३५ इंच, हे माप बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं असतं. उंची आधी वाढून घेते, हाडं रुंद व्हायची असतात. हे माप मोठ्या बाईचं म्हणून नियम केला की काय होणार ते पॅटर्नवालीनं सांगायची गरज नाही. मुलगी विशीत येते, निसर्ग आपलं काम करतो, सीट एका इंचानं वाढते आणि एजन्सी तिला 'जरा टोन कर' म्हणून सांगते. तिनं काय टोन करायचं? ओटीपोटाचं हाड? काही मुली जन्मतःच किडकिडीत असतात, भरपूर जेवतात आणि ठणठणीत राहतात. त्यांच्यावर बोट ठेवणारा माणूस मूर्ख आहे. पण साऱ्या रॅम्पला पुरतील इतक्या त्या नसतात. उरलेल्या जागा भुकेनं भरतात. ऑस्ट्रेलियन 'व्होग'च्या माजी संपादिका कर्स्टी क्लेमेंट्स यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की पोटातली आग शमवायला मुली टिश्यू पेपर खात असत. कागद. खात असत.

२००६ च्या ऑगस्टमध्ये लुइसेल रामोस ही उरुग्वेची मॉडेल शोच्या दरम्यानच कोसळून गेली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन गेली. मधल्या सप्टेंबरात माद्रिदच्या आयोजकांनी नियम केला की ज्यांचा बीएमआय १८ च्या खाली, त्यांना रॅम्प बंद. पाच फूट दहा इंचांच्या मुलीला यासाठी साधारण ५७ किलो वजन लागतं. ही काही खादाडपणाची परवानगी नव्हती, तरी कलाजगतात आकांत झाला. पुढे इस्रायलनं २०१२ मध्ये कायदा केला. फ्रान्सनं २०१५ मध्ये केला, २०१७ पासून अंमल सुरू. डॉक्टरांचं प्रमाणपत्र नसलेल्या मॉडेलला कामावर घेतलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरोंपर्यंत दंड. फ्रेंचांच्या कायद्यात शेवटी बीएमआयचा ठराविक आकडा ठेवला नाही, निर्णय डॉक्टरवर सोडला. यात तथ्य आहे, कारण नुसत्या बीएमआयवरून उपाशी मुलगी आणि मुळातच शिडशिडीत मुलगी यांतला फरक कळत नाही.

पण या सगळ्या कायद्यांत तपासणी कुणाची? मुलीची. वजनकाट्यावर तिनं उभं राहायचं, रक्त तिनं द्यायचं, कागद तिनं आणायचा. झग्याला कुणी काट्यावर ठेवलं का? फक्त एकदा, अर्धवट. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन फ्रेंच बलाढ्य समूहांनी मिळून सनद काढली की बायकांसाठी ३२ नंबर यापुढे मागणार नाही आणि मोठ्यांचे कपडे सोळा वर्षांखालच्या मुलींना घालणार नाही. टाळ्या वाजल्या. मी ती सनद वाचली तेव्हा मला तिच्यात कबुलीजबाब दिसला: कालपर्यंत आम्ही ३२ मागत होतो, आणि पोरीबाळींना बायका म्हणून चालवत होतो. आणि ३२ बंद म्हणजे ३४ सुरूच. सॅम्पल ४० नंबरवर शिवा ना! मग मुली आपोआप ४० च्या येतील, मासिकांत ४० च्या दिसतील आणि डॉक्टरांचे कागद गोळा करावे लागणार नाहीत. ३४ आणि ४० मध्ये कापडाचा फरक एवढा किरकोळ आहे की सहा महिन्यांच्या तमाशाच्या खर्चात तो दिसणारही नाही.

इथपर्यंत रॅम्प झाला. आता तुम्ही ट्रायल रूममध्ये घामाघूम उभ्या असता ती गोष्ट. तिथला M कुठून आला?

अमेरिकी सरकारनं १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली. प्रत्येकीची ५९ मापं. काम मोठं होतं, पण शेवटच्या हिशेबात फक्त गोऱ्या बायका धरल्या. त्यावरून १९५८ मध्ये अधिकृत तक्ता निघाला. त्यातला ८ नंबर म्हणजे छाती ३१ इंच, कंबर साडेतेवीस इंच. आज अमेरिकेतल्या दुकानात ८ नंबरची कंबर त्याहून चार-पाच इंच मोठी निघते. गिऱ्हाइकाला लहान आकडा दाखवला की ते खूश होऊन पैसे काढतं, हे कळल्यावर एकेका कंपनीनं आकडा तोच ठेवून कपडा मोठा करायला सुरुवात केली. तक्ता ऐच्छिकच होता आणि १९८३ मध्ये सरकारनं तो मागेच घेतला. तेव्हापासून रान मोकळं. आज एकच बाई अमेरिकेत ८, इंग्लंडमध्ये १२, जर्मनीत ३८, फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ असते. विमानात बसल्यापासून तिनं एक चपातीही जास्त खाल्लेली नाही.

मग कंपनीचा M ठरतो कसा? कंपनी एक फिट मॉडेल ठेवते. ही रॅम्पवरची नव्हे. ही मध्यम बांध्याची, पगारी बाई, जिच्या अंगावर कारखान्याचा मूळ कपडा तपासतात. तिच्या खांद्यांची रुंदी, तिच्या छातीची उंची, तिची पाठ हे सगळं त्या कंपनीचं M होऊन बसतं. शेजारच्या दुकानाची फिट मॉडेल वेगळी, म्हणून तिथला M वेगळा. तुम्ही दोन दुकानांत दोन मापांच्या ठरता त्यात तुमच्या अंगाचा काही दोष नाही. तुम्ही दोन अनोळखी बायकांचे कपडे घालून पाहत असता.

त्या एका M वरून बाकीची मापं काढतात, त्याला ग्रेडिंग म्हणतात. समजा कुर्त्याचा M छातीत ३८ इंच. L ला दोन इंच वाढवले, XL ला आणखी दोन, असं करत XXL ला ४४. आळशी कारखान्यात याच प्रमाणात खांदा वाढतो, गळाही वाढतो. पण बाईचं वजन वाढलं म्हणून तिच्या खांद्याचं हाड वाढतं का? वाढते छाती, दंड, पोट. म्हणून XXL मध्ये काय होतं ते पाहा. खांद्याची शिवण दंडावर घसरलेली, गळा इतका पसरट की ब्राची पट्टी दिसते, आणि तरीही मुंढ्यात करकचून आवळतंय. छातीच्या टोकापासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडल्या असतील तर समजा, तिथं टक्स हवा होता आणि वाचवला. कुर्त्याची पुढची कड मागच्यापेक्षा वर उचलली गेली असेल तर उभारावरून जायला लांबीच दिलेली नाही. ताणाची सुरकुती जिथं कापड कमी पडलं त्या जागेकडे बोट दाखवते. हे एवढं ओळखता आलं की आरशासमोर पोट आत ओढून उभं राहण्याची पाळी येत नाही. यावर इलाज आहे: मोठ्या मापांसाठी वेगळा मूळ पॅटर्न कापायचा, मोठ्या बांध्याची वेगळी फिट मॉडेल ठेवायची. त्याला पैसे लागतात. म्हणून आकडे ताणतात आणि पिशवीवर 'सर्वांसाठी' छापतात.

आणि कॅटलॉग! तिथली लबाडी रॅम्पपेक्षा बेरकी. फोटोत पुढून कुर्ता अंगाला मेणासारखा बसलेला. मागं पाठीवर चिमट्यांची रांग. मोठ्या मापांच्या कपड्यांसाठी ज्या मॉडेल घेतात, त्यांनाही बऱ्याचदा अंगावर फोमच्या गाद्या बांधून ते माप भरायला लावतात, कारण चेहरा बारीक हवा, मान लांब हवी आणि फक्त कपडा मोठा हवा. खाली ओळ असते: मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच, तिनं S घातला आहे. आता हिशेब करा. तिचा खांदा जमिनीपासून साधारण ५६ इंचांवर येतो. कुर्ता ४६ इंच लांब, म्हणजे कड जमिनीच्या दहा इंच वर, पोटरीवर झुलणारी. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. तिचा खांदा ४९ इंचांवर. तोच कुर्ता तिच्या घोट्याशी लोळतो. फोटोत जो कपडा दाखवला तो तिला कधी मिळणारच नव्हता. मग ती परत पाठवते, नाहीतर चार पैसे घालून कोपऱ्यावरच्या टेलरकडून खालून कापून घेते. त्या टेलरकडे फॅशनची पदवी नाही, पण खांदा, छाती, उंची, मुंढा, दंड, कंबर, सीट अशी सगळी मापं तो वहीत लिहून घेतो आणि शिवणीत माया सोडतो, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून.

आपल्या सरकारनं हे काम हाती घेतलं, ते मला मनापासून पटलं. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं की मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापं त्रिमित स्कॅनरनं घ्यायची आणि भारतीय अंगांचा तक्ता करायचा. याआधी आपले बहुतेक तक्ते अमेरिकी नाहीतर ब्रिटिश मापांवरून ओढून आणलेले होते. पण तो तक्ता ऐच्छिक ठेवला तर अमेरिकेत १९८३ पर्यंत जे झालं तेच इथं होणार. कंपनी तो भिंतीवर लावेल आणि आपल्या फिट मॉडेलच्या अंगावरून M कापत राहील.

तोवर सक्ती एवढ्याच गोष्टीची करावी की अक्षराशेजारी इंच छापा: तयार कपड्याची छाती, कंबर, सीट, खांदा, लांबी. यात नवं तंत्रज्ञान काही नाही. पुरुषांच्या जीन्सवर कमरेचा आणि पायाच्या लांबीचा असे दोन आकडे कधीपासून छापलेले असतात, आणि तिथंही कंबर इंचभर कमी सांगतात, तरी निदान खोटं पकडायला टेप लावता येतो. बायकांच्या कपड्यावर हेच छापा म्हटलं की मार्केटिंगवाले सांगतात, बायकांना स्वतःचे आकडे बघायला आवडत नाहीत. मी विचारलं, तुम्ही किती बायकांना विचारलंत? तर म्हणे, आम्हाला माहीत आहे. यांच्या कारखान्यात पॅटर्न कापणाऱ्या, शिवणाऱ्या आणि काजं करणाऱ्या बायका दिवसभर इंचपट्टी गळ्यात घालून बसतात. त्यांना विचारायला जिना उतरून खाली जायचं होतं, तेवढंही यांनी केलं नाही.